बीजगणिताचे जुने पेपर आणि एका आईची चिठ्ठी

पूर्वपरीक्षेचे पेपर वाटून झाले, सोलापुरात गड्डा यात्रेचे पाळणे होम मैदानावर उभे राहिले, की दहावीच्या शिक्षकांकडे पालकांच्या चिठ्ठ्या यायला लागतात. बहुतेकांचा विषय मार्क वाढवण्याचा असतो. एका आईनं मुलीच्या वहीत घालून पाठवलेली चिठ्ठी मात्र वेगळी होती.

"नमस्कार बाई. पोरीला दुकानातून जुन्या पेपरांचा संच आणून दिलाय. रोज सोडवायलीय. रविवारी बीजगणिताचे तीन पेपर ओळीनं सोडवले. 24, 21 आणि 17 पडले. तिसरा झाल्यावर जेवली नाही. सगळे म्हणतात जुने पेपर सोडवल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून बंद कर म्हणायला जीव होईना. पण आता पेपरचं नाव काढलं की पोटात दुखतंय म्हणते. किती सोडवावेत, कसे सोडवावेत आणि घरी आम्ही काय करावं, तेवढं सांगा. मला गणित येत नाही."

उत्तर लगेच लिहिण्यासारखं नव्हतं. आधी ते तिन्ही सोडवलेले पेपर मागवून घेतले. नुसत्या मार्कांवरून मुलाबद्दल काही बोलू नये, असं आमचं मत आहे. कोरी जागा कुठे सुटली आहे, खाडाखोड कुठे आहे, अक्षर कुठून बिघडलं आहे, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो.

पहिला पेपर मार्च 2023 चा होता. त्यात कोऱ्या जागा इकडेतिकडे विखुरलेल्या, म्हणजे ठरावीक गोष्टी येत नव्हत्या. दुसरा मार्च 2022 चा. त्या वर्षी अभ्यासक्रमातून 25 टक्के भाग वगळला होता आणि 40 गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटं जादा होती. म्हणजे हा पेपर हलका, तरी गुण कमी पडले. तिसरा 2017 चा, आणि त्यातले शेवटचे दोन प्रश्न पूर्ण कोरे. चुका वाढत जाऊन शेवटी पानंच कोरी राहायला लागली, तर तिथं गणित कमी पडलेलं नसतं, माणूस थकलेला असतो. सहा तास सलग बीजगणित केल्यावर शिक्षकाचंही तेच होईल. मुलीनं मात्र 24, 21, 17 या उतरणीचा अर्थ "मला येत होतं तेही आता येईना" असा लावला होता.

त्यात 2017 चा पेपर तर तिच्या परीक्षेचा नव्हताच. दहावीची सध्याची पुस्तकं 2018 साली आली आणि मार्च 2019 पासून पेपरचा आराखडा बदलला. त्याआधीच्या बीजगणितात बहुपर्यायी प्रश्न नव्हते, शेवटचे प्रश्न पाच-पाच गुणांचे होते आणि जीएसटी, शेअर्स असलेलं अर्थनियोजनाचं प्रकरण नव्हतं. दुकानातल्या संचात हे सगळे पेपर एकाच पिनेत अडकवलेले असतात, आणि वर्ष बघायचं असतं हे मुलांना कुणी सांगत नाही.

म्हणून पहिलं काम गठ्ठा सोडण्याचं. 2018 आणि त्याआधीचे पेपर बाजूला काढले. टाकून दिले नाहीत, कारण रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी यांची उदाहरणं त्यातली आजही चालतात. पण ते फक्त उदाहरणांसाठी, त्यांना घड्याळ लावायचं नाही आणि गुण द्यायचे नाहीत. 2022 चा पेपर सरावाला ठेवला, पण त्याच्या वर "कमी अभ्यासक्रम" असं लाल पेननं लिहिलं. 2021 चा मार्चचा पेपर शोधण्यात वेळ घालवू नका असंही कळवलं, कारण त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली होती. उरले 2019, 2020, 2023 आणि त्यानंतरचे मार्चचे पेपर आणि काही पुरवणी परीक्षेचे. पूर्ण पेपर म्हणून सोडवायचे ते यातलेच. हातात सतराअठरा पेपरांचा गठ्ठा होता तो असा आटोक्यात आला, आणि "अजून एवढे राहिलेत" हे ओझं निम्म्याहून कमी झालं.

दुसरं काम 2023 चा पेपर पुन्हा तपासण्याचं. मुलीनं गाईडमधलं उत्तर शेजारी ठेवून स्वतः तपासला होता. अशा तपासणीत मुलं दोनच गोष्टी करतात, उत्तर जुळलं तर पूर्ण गुण, नाही जुळलं तर शून्य. बोर्डाच्या तपासणीत पायऱ्यांना गुण असतात, हे त्यांना माहीत असतं, पण स्वतःच्या बाबतीत ती ते वापरत नाहीत. तिनं सोडवलेल्या समीकरणांसारखंच एक उदाहरण घेऊ. 5x + 3y = 9 आणि 2x − 3y = 12 ही समीकरणं क्रेमरच्या पद्धतीनं सोडवायची आहेत.

```
D  = 5×(−3) − 3×2  = −15 − 6  = −21
Dx = 9×(−3) − 3×12 = −27 − 36 = −63
Dy = 5×12  − 9×2   =  60 − 18 =  42
x = Dx/D = 3     y = Dy/D = −2
```

तिच्या वहीत D च्या ओळीत −15 + 6 = −9 झालं होतं. चिन्ह एका ठिकाणी सुटलं. मग x = 7 आणि y चा अपूर्णांक. स्वतःला तिनं शून्य दिलं आणि शेजारी "क्रेमर येत नाही" असं लिहिलं. हे उदाहरण तीन गुणांचं धरलं आणि D, Dx, Dy, x चं सूत्र, y चं सूत्र आणि शेवटचं उत्तर यांना अर्धा-अर्धा गुण दिला, तर तिचा D चा अर्धा आणि उत्तराचा अर्धा जातो. दोन गुण राहतात. क्रेमर तिला येतंच, वजाबाकीच्या चिन्हापाशी ती घाई करते, एवढंच. आणि ही चूक सापडायला गाईड लागत नाही. x आणि y पहिल्या समीकरणात घालून पाहिले तर अर्ध्या मिनिटात कळतं.

गाईडचा आणखी एक त्रास आहे. वर्गसमीकरण तिनं अवयव पाडून सोडवलं आणि गाईडमध्ये सूत्रानं सोडवलेलं असेल, तर पायऱ्या दिसायला वेगळ्या म्हणून मुलं बरोबर उत्तरही खोडतात. प्रश्नात पद्धत सांगितलेली नसेल तर कुठलीही बरोबर पद्धत चालते. हे पेपर तपासून दाखवतानाच सांगावं लागतं, तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

पायऱ्यांचे गुण धरून 24 चे 29 झाले. पण खरं महत्त्व गेलेल्या 11 गुणांना होतं. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर एक अक्षर लिहायचं ठरवलं. जे येतच नव्हतं त्याला न, येत होतं पण घसरलं त्याला घ, वेळ पुरला नाही त्याला व. मोजल्यावर न चे पाच, घ चे चार आणि व चे दोन निघाले. म्हणजे नव्यानं शिकायचं ते फक्त पाच गुणांचं, आणि ते दोनच ठिकाणी होतं, शेअर्स आणि संभाव्यता.

शेअर्समधली तिची अडचण नेमकी होती. लाभांश दर्शनी किमतीवर काढायचा असतो, ती बाजारभावावर काढत होती. दर्शनी किंमत 100, बाजारभाव 120 आणि लाभांश 15 टक्के असेल, तर एका शेअरवर 15 रुपये मिळतात आणि परताव्याचा दर 15 भागिले 120, म्हणजे 12.5 टक्के. ती 120 चे 15 टक्के, म्हणजे 18 रुपये धरत होती. हे समजावून सांगायला मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं पुरली. पेपरवर पेपर सोडवून ते सुटलं नसतं, तीच चूक दर वेळी नव्यानं झाली असती आणि दर वेळी भीती वाढली असती. ज्या पेपरात निम्मे प्रश्न न मध्ये जातात तो तिथंच बंद करून पुस्तक उघडायचं, असा नियम आम्ही सगळ्यांनाच सांगतो. जुना पेपर काय येत नाही ते दाखवतो, शिकवत नाही.

यानंतर आईला उत्तर लिहिलं. त्यातला मजकूर असा होता.

"नमस्कार ताई. पेपर बंद करू नका, पण आठ-दहा दिवस पूर्ण पेपर देऊ नका. तिला सांगितलं आहे, सध्या एका वेळी एकच प्रश्न. घड्याळ नाही, बेरीज नाही. एका बैठकीला पाऊण तास, मग उठायचं. तुम्ही किती पडले असं विचारू नका, न च्या रकान्यातलं आज काही खोडलं का एवढंच बघा. गणित येण्याची गरज नाही."

पहिल्या टप्प्यात उदाहरणं प्रकरणवार लावली. झेरॉक्सवरचे प्रश्न कात्रीनं कापून वहीत चिकटवले, एका पानावर एकाच प्रकरणाचे, वेगवेगळ्या वर्षांचे चार-पाच. हा उद्योग बालिश वाटतो, पण त्याचा उपयोग आहे. श्रेढीची पाच उदाहरणं एकाखाली एक आली की प्रश्नांची भाषा बदलते, गणित तेच राहतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. आधी पुस्तक मिटून सोडवायचं, अडलं तर दोन मिनिटं थांबायचं, मग पुस्तक उघडायचं आणि जिथं अडलं त्या ओळीखाली रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी फक्त रेघ मारलेली उदाहरणं पुन्हा, पुस्तक न उघडता.

दुसऱ्या टप्प्यात घड्याळ आलं, पण पेपरच्या तुकड्यांना. बीजगणिताच्या पेपरची विभागणी अशी आहे. पहिला प्रश्न 8 गुणांचा, त्यात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे. दुसरा 12 गुणांचा, त्यात दोन कृती पूर्ण करायच्या आणि चार छोटी उदाहरणं. तिसरा 9 गुणांचा, एक कृती आणि दोन उदाहरणं. चौथा 8 गुणांचा, चार-चार गुणांची दोन. पाचवा 3 गुणांचा, एकच. दोन तासांत 40 गुण म्हणजे गुणाला तीन मिनिटं, असा हिशोब मुलं करतात, पण त्यात तपासायला काही उरत नाही. आम्ही पहिल्याला 15 मिनिटं, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला आणि चौथ्याला 25-25 आणि पाचव्याला 10 धरतो. ही होतात 105, राहिलेली 15 तपासायला. 2023 पासून शेवटी जी दहा मिनिटं जादा मिळतात ती या हिशोबात धरायची नाहीत.

रोज एकच तुकडा. आज दुसरा प्रश्न 30 मिनिटांत, उद्या वेगळ्या वर्षाचा चौथा 25 मिनिटांत. वेळ संपली की पेन ठेवायचं नाही, पेनचा रंग बदलायचा. निळ्यानं वेळेतलं, काळ्यानं वेळेनंतरचं. त्यामुळे "जमलं नाही" आणि "वेळेत जमलं नाही" या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. चार दिवसांत काळी शाई कमी होताना दिसली की मुलाला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

याच टप्प्यात पर्यायांचं शिकवलं, आणि भीतीचा मोठा भाग तिथं होता. दुसऱ्या प्रश्नापासून पुढे प्रत्येक ठिकाणी लागतात त्यापेक्षा जास्त उपप्रश्न दिलेले असतात. चौथ्यात तीनपैकी दोन, पाचव्यात दोनपैकी एक. ही मुलगी पेपर हातात आला की सगळे वाचायची, न येणाऱ्या एकापाशी अडकायची आणि तिथंच हात गार पडायचे. न येणारा उपप्रश्न दिसणं साहजिक आहे, पर्याय त्यासाठीच आहेत, हे तिच्या ध्यानात नव्हतं. म्हणून रिकाम्या जुन्या पेपरांवर एक वेगळा सराव घेतला. काही सोडवायचं नाही. चौथा आणि पाचवा प्रश्न वाचून दोन मिनिटांत कोणते घ्यायचे त्यावर बारीक टिंब करायचं आणि पेपर बाजूला ठेवायचा. बाजूला काढलेल्या 2018 पर्यंतच्या पेपरांचा इथं चांगला उपयोग झाला, कारण त्यांतही निवड होतीच.

कृतीच्या प्रश्नांबद्दल एवढंच, की चौकटी भरायच्या असतात म्हणून मुलं त्या सोप्या समजून शेवटी ठेवतात आणि मग राहतात. त्या आधी करायच्या.

पूर्ण पेपरला आम्ही फेब्रुवारीत हात घातला, आठवड्याला एक, रविवारी अकरा वाजता, कारण बोर्डाची वेळही सकाळी अकराची आहे. इथं सोलापूरची अडचण मध्ये आली. आईची दुसरी चिठ्ठी होती की रविवारी पाणी येणार आहे. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस हंडे, बादल्या, टाक्या यांच्यामागे असतं आणि पेपर मध्येच तुटतो. शिवाय त्यांच्या शेजारी यंत्रमाग, खटखट चालूच. तुटलेल्या पेपराचे गुण धरले तर पुन्हा तीच उतरण दिसली असती. पाण्याचा दिवस आला तर पूर्ण पेपर सोमवारी संध्याकाळी, शाळेच्या वर्गात. आवाजाचं मात्र आम्ही काही केलं नाही. परीक्षा केंद्राबाहेरही रिक्षा, लाऊडस्पीकर असतात, थोडा आवाज असलेला बरा.

पूर्ण पेपर झाला की त्या दिवशी तपासायचा नाही, हा नियम सगळ्यात जड गेला. लगेच उत्तरं जुळवायची सवय मोडत नाही, त्यात वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप, जिथं संध्याकाळपर्यंत प्रत्येकाचे गुण येतात. पण दोन तासांनंतर डोकं थकलेलं असतं आणि थकलेलं डोकं घ ची चूक न मध्ये लिहितं. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी तीच चूक "अरे, चिन्ह राहिलं" अशी दिसते. तपासताना आधी न, घ, व ची अक्षरं, मग प्रत्येक न साठी पुस्तकातलं पान, आणि गुणांची बेरीज सगळ्यात शेवटी, वहीच्या मागच्या पानावर. आईनं त्या पानाला हात लावायचा नाही, हे तिनंच आईला सांगितलं.

आईकडे काम होतं ते वेगळं. गणित न येणाऱ्या माणसाला उत्तरपत्रिकेत तीन गोष्टी बघता येतात. प्रत्येक उत्तराला प्रश्न आणि उपप्रश्नाचा क्रमांक आहे का, शेवटी "म्हणून x = ..., y = ..." अशी उत्तराची ओळ आहे का, आणि शाब्दिक उदाहरणात रुपये, वर्षं, मीटर असं एकक लिहिलं आहे का. या तिन्ही गोष्टी घ मध्ये मोडतात. आई हे बघायला लागल्यापासून घरातलं बोलणं किती पडले यावरून एकक लिहिलंस का यावर आलं.

कधी थांबायचं हेही चिठ्ठीत लिहून दिलं होतं. पेपरच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, त्या दिवशी जेवण जात नाही, सोडवलेलं उदाहरण तीन-तीनदा खोडून पुन्हा लिहिलं जातं, यातलं काही सलग दोन पेपरांना दिसलं तर पुढचा पूर्ण पेपर रद्द आणि परत तुकड्यांवर यायचं. शिक्षा म्हणून नाही, ताप उतरेपर्यंत शाळेत पाठवत नाही तसं. आणि पोटदुखी, रडणं हे पेपर नसलेल्या दिवशीही चालू राहिलं, तर तो जुन्या पेपरांचा प्रश्न राहत नाही. मग शिक्षकाच्या युक्त्या पुरत नाहीत. परीक्षेच्या काळात बोर्ड विभागवार समुपदेशक नेमतं आणि त्यांचे फोन नंबर जाहीर करतं, आपण पुणे विभागात येतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तर कधीही, मोफत लागतो. डॉक्टरांना दाखवणंही आलंच. या मुलीच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. दुसऱ्या पूर्ण पेपरपासून पोट दुखायचं थांबलं, पेपरच्या आधी हात गार पडतात हे मात्र शेवटपर्यंत राहिलं. तेवढं राहतंच.

परीक्षेच्या दहा दिवस आधी आईची शेवटची चिठ्ठी आली. पुरवणी परीक्षेचे दोन पेपर अजून कोरे आहेत, ते उरकून घेऊ का, असं विचारलं होतं. उत्तर असं दिलं. एक घ्या, तोही बीजगणिताच्या पेपरच्या चार दिवस आधी, त्यानंतर नवीन पेपर नाही. दुसऱ्याचा चौथा-पाचवा प्रश्न फक्त निवडीच्या सरावाला. शेवटचे तीन दिवस न, घ, व ची वही, त्यात घ आधी, कारण तिथले गुण परत मिळवायला नवीन काही शिकावं लागत नाही. आदल्या दिवशी सकाळी सूत्रं आणि दोन-तीन सुटलेली उदाहरणं, दुपारनंतर बीजगणित बंद. भूमितीचे जुने पेपर कुणी आणून दिले तर ते बीजगणिताच्या पेपरची उत्तरपत्रिका देऊन घरी आल्यावरच उघडायचे.